यक्षप्रश्नाची श्रुतिका : ध्वनींची योजना आणि संहिता

महाभारताच्या वनपर्वाचा शेवट ‘आरणेय’ नावाच्या उपपर्वाने होतो. पांडवांच्या वनवासाची बारा वर्षे सरत आली असता द्वैतवनात घडलेली यक्षप्रश्नाची कथा त्यात आली आहे. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी या कथेची श्रुतिका आम्ही आमच्या शाळेत तीन वेळा बसविली. पहिला प्रयोग फसला, दुसरा बरा झाला आणि तिसऱ्याने आम्हांलाच काही शिकविले. ती संहिता कशी सिद्ध झाली, कोणता ध्वनी कोठे व कशासाठी योजला आणि कोठे चुकले, हे येथे क्रमाने सांगावयाचे आहे.

श्रुतिकेसाठी हीच कथा निवडण्याचे कारण मूळ कथेतच आहे. ही कथा डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक चालते. एका ब्राह्मणाच्या अरणी, म्हणजे अग्नी मंथून काढावयाची लाकडे, झाडाला टांगलेल्या असतात. एक मृग त्या झाडाला अंग घासतो, अरणी त्याच्या शिंगांत अडकतात आणि तो पळत सुटतो. पाचही पांडव त्याचा पाठलाग करतात. मृग दिसेनासा होतो. थकलेले, तहानेने व्याकुळ झालेले भाऊ वडाच्या सावलीत बसतात. नकुल झाडावर चढतो. पाण्याकाठी वाढणारी झाडे त्याला दिसतात, पण पाणी जवळ आहे याची खूण पटते ती सारसांच्या आवाजाने. पुढे प्रत्येक भावाला अडवितो तो देहहीन, अंतरिक्षातून येणारा आवाज. अर्जुन त्या आवाजावर शब्दवेधी बाण सोडतो. म्हणजे वक्ता अदृश्य असणे ही येथे श्रुतिकेची अडचण नसून कथेचीच मागणी आहे. रंगमंचावर हा यक्ष दाखविणे कठीण, पडद्यामागे तो आपोआप सिद्ध होतो.

पहिल्या प्रयोगात आमचे काय चुकले ते आधी सांगतो. आम्ही मूळ क्रम जसाच्या तसा घेतला होता. नकुल येतो, आवाज ऐकतो, पाणी पितो, पडतो. सहदेव येतो, तेच होते. मग अर्जुन, मग भीम. वाचताना ही पुनरावृत्ती भारदस्त वाटते. ऐकताना मात्र तिसऱ्या वेळी मुलांच्या माना वळू लागल्या आणि भीम पडला तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी हसले. पोते जमिनीवर टाकून काढलेला तोच ‘धप्’ आवाज चौथ्यांदा आला होता. मृत्यूचा आवाज चार वेळा सारखाच काढला की तो विनोद होतो, हा पहिला धडा.

दुसऱ्या वेळी आम्ही चारही प्रसंगांना निरनिराळी लांबी आणि निरनिराळा शेवट दिला. नकुलाचा प्रसंग पूर्ण ठेवला, कारण श्रोत्याला नियम तेथेच कळतो. त्याच्या पडण्याचा आवाज ऐकू येतो. सहदेवाचा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा. त्याचे पडणे ऐकू येत नाही, फक्त काठावरचे पक्षी एकदम उडतात. अर्जुनाचा प्रसंग पुन्हा थोडा मोठा, कारण तो आवाजाशी लढतो. त्याचा शेवट धनुष्य दगडावर पडल्याने कळतो. भीमाच्या वेळी मात्र काहीच पडत नाही. तो ओंजळ भरतो, एक घोट ऐकू येतो आणि मग केवळ पाण्याचा संथ आवाज चालू राहतो. सर्वांत बलवान भाऊ आवाज न करता जातो. या ठिकाणी वर्ग एकदम शांत झालेला आम्ही प्रत्येक वेळी अनुभवला आहे.

आता ध्वनींविषयी. सर्व कथेला आधार आहे तो पाण्याचा. घागरीतून पाणी ओतले तर ते नळासारखे ऐकू येते, तळ्यासारखे नव्हे. पसरट पितळी घंगाळात चार बोटे पाणी घ्यावे आणि पंजा उताणा ठेवून तो सावकाश हलवावा. काठावर लागणाऱ्या लाटेचा आवाज येतो. पण हा ध्वनी सतत चालू ठेवला तर मिनिटाभरात कानांना त्याची सवय होते आणि तो ऐकू येईनासा होतो. म्हणून आम्ही असा नियम केला की यक्ष बोलू लागला की पाणी थांबावे. तो बोलून संपला की दोन श्वासांनंतर पाणी पुन्हा सुरू व्हावे. मुलांना हे सांगावे लागत नाही. तळे त्याचे आहे, ते त्याच्या आज्ञेत आहे, हे या थांबण्यातून त्यांना कळते.

यक्षाच्या आवाजासाठी आम्ही मातीचा मोठा रिकामा रांजण वापरला. मुलाने रांजणाच्या तोंडाशी बोलले की आवाजाला घुमारा येतो. परंतु तोंड अगदी आत घातले तर व्यंजने पुसली जातात आणि ‘थांब’ व ‘सांग’ यांतील भेदही कळत नाही. तोंड काठापासून वीतभर दूर ठेवावे, वाक्य पाच-सहा शब्दांचेच असावे आणि दोन वाक्यांत घुमारा विरेपर्यंत थांबावे. चार भावांना दिलेल्या इशाऱ्यापुरताच रांजण वापरावा. प्रश्नोत्तरांत तो ठेवला तर श्रोता अर्थ सोडून केवळ आवाज ऐकत बसतो. मूळ कथाही येथे साहाय्यास येते. युधिष्ठिराशी बोलताना यक्ष प्रथम ‘मी शेवाळ व मासे खाणारा बगळा आहे’ असे सांगतो आणि मग ताडासारखा उंच, तेजस्वी रूपाने प्रकट होतो. प्रकट झाल्यावर त्याचा आवाज रांजणातून बाहेर येऊन मोकळा व्हावा, हे योग्यच आहे.

धनुष्याच्या टणत्कारासाठी तुणतुण्याची तार एकदा छेडून लगेच तळव्याने दाबावी. तार वाजत राहिली तर भजन सुरू झाल्यासारखे वाटते. बाणासाठी वेताची बारीक छडी हवेत फिरविली. शाळेतील छडीचा याहून चांगला उपयोग आम्हांला अद्याप सापडलेला नाही. पावलांसाठी सुकी पाने परातीत पसरून ती हाताने दाबावीत. खऱ्या पायांनी तुडविली तर पाच माणसांचा लवाजमा चालल्यासारखे ऐकू येते. नकुलाच्या पडण्यासाठी पोत्यात अर्धी वाळू भरावी आणि ते सतरंजीवर टाकावे, फरशीवर टाकले की दार आपटल्यासारखा आवाज होतो.

एकच ध्वनी आम्ही बाहेरून आणला, तो सारसांचा. सारसाची जोडी कर्ण्यासारखा, दूरवर जाणारा आवाज एकमेकांना साद देत काढते. मुलांनी तोंडाने केलेली नक्कल कोंबड्याच्या जवळ जाते. आमची शाळा वडोदऱ्यात आहे आणि शेजारच्या खेडा जिल्ह्यातील तळ्यांकाठी व भातशेतांत सारस आजही आढळतो. एका पालकांनी तेथील आवाज आपल्या भ्रमणध्वनीवर मुद्रित करून आणला. त्यात मागे पाणी खेचणारे यंत्र धडधडत होते, म्हणून यंत्राचा खंड पडला तेवढा सहा सेकंदांचा तुकडाच घेतला. तेवढा पुरतो.

आता संहितेचे मुख्य भाग देतो. संपूर्ण प्रयोग सुमारे बावीस मिनिटांचा होतो. नाट्यपूर्ण वाचनाचा वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास धरावा आणि ध्वनी व स्तब्धता यांसाठी एक चतुर्थांश वेळ वगळावा. म्हणजे लिहिलेली संहिता सतराशे शब्दांच्या आत राहिली पाहिजे. मृगाचा पाठलाग दोन मिनिटांत संपवून आपण वडाखालून आरंभ करू.

[ध्वनी : सुक्या पानांवर पाच जणांची पावले, हळूहळू मंद होत थांबतात. जड श्वास.]

निवेदक : मृग नाहीसा झाला. सूर्य माथ्यावर आला. ज्यांनी राज्य गमावले, त्यांना आज एक घोट पाणीही मिळत नव्हते.

युधिष्ठिर : बाळ नकुला, या वडावर चढ. जवळपास कोठे पाणी दिसते का पाहा.

[ध्वनी : फांद्यांची सळसळ, वर वर जाणारी. मग पूर्ण स्तब्धता, तीन श्वास. दुरून सारसाची साद. दुसऱ्या सारसाचे उत्तर.]

नकुल : (वरून) दादा, पाणथळ जागेतली झाडी दिसते आहे. आणि सारस ओरडताहेत. पाणी तेथेच असणार!

युधिष्ठिर : मग भात्यातले बाण काढ आणि त्यातच पाणी भरून आण. लवकर ये.

[ध्वनी : एकट्याची पावले, दूर जाणारी. पाण्याची संथ लाट जवळ येते.]

नकुल : केवढे निर्मळ पाणी!

[ध्वनी : पाणी एकदम थांबते.]

यक्ष : (रांजणातून) थांब. हे तळे माझे आहे. आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे दे. मग पाणी पी.

नकुल : कोण बोलते आहे? ... कोणी नाही. तहानेने कान वाजत असतील.

[ध्वनी : ओंजळ पाण्यात बुडते. एक घोट. पडणे. दोन श्वास. पाण्याची लाट पुन्हा सुरू.]

भात्यातून पाणी आणण्याचा तपशील मूळ कथेतील आहे. तो गाळू नये. पाचही भावांपाशी एक भांडेही नव्हते, ही गोष्ट निवेदकाने सांगण्यापेक्षा त्या एका आज्ञेतून अधिक कळते.

सहदेवाचा लहान प्रसंग येथे वगळून अर्जुनाकडे येऊ.

[ध्वनी : जलद पावले थांबतात. पाणी. मग पाणी थांबते.]

यक्ष : थांब. बळाने हे पाणी मिळणार नाही.

अर्जुन : कोण आहेस तू? समोर ये! माझ्या बाणांनी फाटल्यावर पुन्हा असे बोलणार नाहीस.

[ध्वनी : तुणतुण्याची तार, छडी. मग डावीकडून, उजवीकडून, मागून. आठ वेळा. वेग वाढत जातो. स्तब्धता.]

यक्ष : (अगदी शांत, पहिल्याच जागेवरून) झाले?

हा ‘झाले?’ आमचा आहे. मूळात यक्ष ‘या खटाटोपाने काय साधणार’ अशा अर्थाचे बोलतो. मुलांसाठी एका शब्दाने तेच काम होते, मात्र तो चढ्या आवाजात म्हटला तर उपहास होतो आणि यक्ष हलका पडतो.

यानंतर युधिष्ठिर येतो. हा भाग पुष्कळ जण विलापात घालवितात. मूळात विलाप आहेच, पण त्याच्या जोडीला एक निरीक्षणही आहे आणि या वयाच्या मुलांना तेच अधिक धरून ठेवते. युधिष्ठिर पाहतो की भावांच्या अंगावर शस्त्राचा घाव नाही, भोवती कोणाच्या पावलाची खूण नाही. दुर्योधनाने पाण्यात विष कालविले असेल अशी शंका त्याला येते, पण भावांच्या चेहऱ्यांचा वर्ण बदललेला नाही, म्हणून ती तो बाजूस सारतो. आम्ही हे सर्व संथ पावलांच्या साथीने घेतले. चार पावले, एक वाक्य, पुन्हा चार पावले. दुःखातही ज्याचे मन पाहणे सोडत नाही असा माणूस पुढे प्रश्नांना उत्तरे देणार आहे, याची ही पूर्वतयारी होते.

प्रश्नांची निवड हा सर्वांत कठीण भाग. मूळात शंभराहून अधिक प्रश्न आहेत. त्यांपैकी यज्ञविधीविषयीचे प्रश्न श्रोत्यांना टिपांशिवाय कळणार नाहीत, म्हणून ते वगळले. पहिल्या प्रयोगात आम्ही वीस प्रश्न ठेवले होते; दहाव्याच्या सुमारास ती तोंडी परीक्षा झाली. आता नऊच ठेवतो आणि ते तीन पायऱ्यांनी चढवितो.

पहिल्या पायरीवर तळ्याकाठी शोभणारी कोडी.

यक्ष : झोपेतही डोळे मिटत नाही, तो कोण?
युधिष्ठिर : मासा.
यक्ष : जन्माला येऊनही हालत नाही, ते काय?
युधिष्ठिर : अंडे.
यक्ष : हृदय कोणाला नाही?
युधिष्ठिर : दगडाला.
यक्ष : वेगाने वाढते कोण?
युधिष्ठिर : नदी.

[ध्वनी : प्रत्येक उत्तरानंतर पाण्याचा एकच थेंब.]

दुसऱ्या पायरीवर प्रश्न माणसाकडे वळतात.

यक्ष : पृथ्वीहून जड काय?
युधिष्ठिर : माता.
यक्ष : आकाशाहून उंच कोण?
युधिष्ठिर : पिता.
यक्ष : वाऱ्याहून वेगवान काय?
युधिष्ठिर : मन.
यक्ष : गवताच्या काड्यांहून अधिक काय?
युधिष्ठिर : (थांबून, भावांकडे पाहत असल्यासारखे) चिंता.

[ध्वनी : थेंब पडत नाही.]

तिसऱ्या पायरीवर एकच प्रश्न.

यक्ष : जगात श्रेष्ठ धर्म कोणता?
युधिष्ठिर : आनृशंस्य. कोणाशीही निष्ठुर न होणे.

[ध्वनी : एक थेंब. त्याचा घुमारा विरेपर्यंत स्तब्धता.]

इतर आठ प्रश्न बदलले तरी चालतील, पण हा नववा काढला तर कथेचा कणा मोडतो. ‘आनृशंस्य’ हा शब्द मुलांना अपरिचित आहे. आम्ही प्रथम तो गाळून ‘दया’ एवढेच ठेवले होते. परंतु दया वरून खाली वाहते. देणारा मोठा आणि घेणारा लहान असा भाव तिच्यात येतो. आनृशंस्यात निष्ठुरपणाचा अभाव आहे, आपल्या हातून कोणावर कठोर अन्याय न होण्याची दक्षता आहे. म्हणून मूळ शब्द ठेवून त्याच श्वासात त्याचा अर्थ सांगितला. आणि हा शब्द पुन्हा येणार आहे.

यक्ष : राजा, तुझ्या उत्तरांनी मी संतुष्ट झालो. चौघांपैकी कोणताही एक भाऊ मी जिवंत करीन. कोणाचे नाव घेतोस?

[ध्वनी : काहीच नाही. पाच श्वास मोजावे.]

युधिष्ठिर : नकुल.

यक्ष : नकुल? दहा हजार हत्तींचे बळ असलेला भीम येथे पडला आहे. ज्याच्या बाहूंवर तुम्हा सर्वांची भिस्त, तो अर्जुन येथे पडला आहे. त्यांना सोडून सावत्र भाऊ मागतोस?

युधिष्ठिर : माझ्या पित्याच्या दोन भार्या. कुंती आणि माद्री. मला दोघी सारख्याच माता. कुंतीचा एक पुत्र मी उभा आहे. माद्रीचाही एक असू दे. श्रेष्ठ धर्म कोणता, हे तू मला आत्ताच विचारलेस. मी आनृशंस्य म्हणालो. ते मला सोडता येत नाही. नकुलाला उठव.

मूळातही युधिष्ठिर येथे आनृशंस्यच श्रेष्ठ धर्म असे पुन्हा सांगतो. म्हणजे नववा प्रश्न हा जिभेने दिलेला होता आणि दहावा, जो प्रश्न म्हणून विचारलाच गेला नाही, तो पदरचे देऊन सोडवावयाचा होता. सगळी कोडी येऊनही येथे जो अडखळतो त्याला काहीच आले नाही, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागू नये. त्यासाठीच मधल्या पाच श्वासांची स्तब्धता. ती धरणे फार कठीण जाते. संगीताची पेटी वाजविणाऱ्या विद्यार्थ्याचा हात प्रत्येक तालमीत तेथे आपोआप सुरांकडे जाई. शेवटी आम्ही त्याला त्या वेळी पेटीचा भाता बंद करून उभे राहावयास सांगितले.

या स्थळी मुलांचे आक्षेप येतात आणि ते यावेत. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, माद्री तर पांडूबरोबर सती गेली. कुंती जिवंत आहे. मग नकुल उठला काय आणि न उठला काय, माद्रीला कसे कळणार?” आम्ही उत्तर दिले नाही, प्रश्न वर्गाकडे वळविला. दुसरा एक म्हणाला की पुढे युद्ध करावयाचे होते, अर्जुनाशिवाय ते जिंकणे अशक्य, म्हणजे हा निर्णय राजाला शोभत नाही. दोन्ही आक्षेप खरे आहेत. युधिष्ठिराच्या निवडीचे वजन त्यांमुळेच कळते. विचारणारी माता तेथे नाही, तक्रार करणारे कोणी नाही, आणि लाभ सगळा दुसऱ्या बाजूला आहे. अशा वेळी केलेला न्यायच त्याने सांगितलेल्या शब्दास उतरतो.

आमच्या तिसऱ्या प्रयोगात नकुलाचे काम करणारा मुलगा नववीत होता. वडिलांच्या निधनानंतर तो काकांच्या घरी राहत असे. घरच्यांनी त्याला काही कमी केले होते असे नाही. पण वर्गात काही वाटावयाचे असले की तो आपणहून रांगेच्या शेवटी उभा राहतो, हे आमच्या ध्यानात होते. प्रयोग आटोपल्यावर घंगाळातले पाणी बाहेर ओतता ओतता त्याने विचारले, “सर, नकुलाला हे कळले का?”

“काय?”

“दादाने त्याचे नाव घेतले ते. तो तर तेव्हा मेलेला होता ना.”

इतकी वर्षे ही कथा शिकवूनही हा प्रश्न आम्हांला सुचला नव्हता. आम्ही घरी जाऊन वनपर्व पुन्हा उघडले. यक्ष प्रसन्न होऊन एकट्या नकुलाला नव्हे, चौघांनाही उठवितो. त्यांची भूक-तहान नाहीशी होते. मग तो आपण धर्म, म्हणजे युधिष्ठिराचा पिता, असल्याचे सांगतो. मृगाच्या रूपाने अरणी आपणच नेल्या होत्या हेही सांगतो, त्या परत मिळतात आणि अज्ञातवासात कोणी ओळखणार नाही असा वर मिळतो. पण नकुलाला त्या निवडीविषयी कोणी काही सांगितले, असे त्या प्रसंगात आम्हांला आढळले नाही. चौघे एकदम उठल्यामुळे त्यांपैकी एकाचे नाव घेतले गेले होते, याचा बाहेर मागमूसच उरत नाही.

पूर्वी आमची संहिता वराच्या घोषणेने, शंख व घंटानादाने संपत असे. त्या प्रश्नानंतर आम्ही शेवट बदलला. वराचा भाग निवेदकाच्या तीन वाक्यांत आणून पुढचा प्रसंग शेवटी ठेवला. तो मूळात नाही, आमचा आहे, हे प्रयोगापूर्वी आम्ही स्पष्ट सांगतो; कारण मुलांनी महाभारतातील आणि गुरुजींचे यांत घोटाळा करू नये.

[ध्वनी : पाणी संथपणे सुरू. एकामागून एक चार जणांचे श्वास. दुरून सारस.]

नकुल : (झोपेतून उठल्यासारखा) दादा... फार वेळ झाला का? पाणी आणायला आलो होतो. आणि झोपच लागली.

[ध्वनी : पाणी. दोन श्वास.]

युधिष्ठिर : चल, बाळ. ऊन उतरले.

[ध्वनी : सुक्या पानांवर पाच जणांची पावले, दूर जातात. पाणी चालू राहते. मग तेही थांबते.]

तालमीत त्या मुलाने युधिष्ठिराचे वाक्य ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हणजे दादा सांगत नाही.” आम्ही म्हणालो, “नाही.” तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, “बरोबर आहे. सांगितले असते तर उपकार झाला असता.” नंतर त्याने पानांची परात पुढे ओढली आणि पाच जणांची पावले स्वतःच वाजवून पाहिली. आता ती त्याच्याच हातची असतात.